मदत हवी आहे: माशांवरच्या उवा औषधानंतर परत आल्या

तळ्यात रोहू जास्त, कटला थोडा. मासे कडेच्या बांबूंना अंग घासत होते, मधूनच उसळ्या मारत होते. जाळ्यात धरून पाहिलं तर पंखांच्या मुळाशी चपट्या, पारदर्शक, मसुराएवढ्या उवा. बोट लावलं की सरकतात, म्हणजे अर्ग्युलसच. लर्निया असता तर दोऱ्यासारखा अंगात रुतून बसला असता.

पाण्यात डेल्टामेथ्रिन टाकलं. दोन दिवसांत मासे स्वच्छ. अठराव्या दिवशी परत बारीक उवा! मग बांबू उपटून पाहिले, तर पाण्याखालच्या भागावर अंड्यांच्या ओळी चिकटलेल्या. मादी मासा सोडून कडक वस्तूवर अंडी घालते आणि औषध अंड्यांना मारत नाही, हे मला उशिरा कळलं. आता बांबू काढून उन्हात वाळत टाकलेत. काही फळ्या मुद्दाम पाण्यात सोडल्या आहेत, अंडी त्यांवर घातली जावीत म्हणून; दर चार-पाच दिवसांनी काढून वाळवायच्या.

शेजारच्या तळ्यात कोळंबी आहे आणि पाणी झिरपतं, त्यामुळे डेल्टामेथ्रिन परत नको, कोळंबीही या उवांसारखी कवचधारीच, तीही मरेल. खाद्यातून इमामेक्टिन द्यायचा विचार आहे: माशाच्या किलोमागे रोज ५० मायक्रोग्रॅम, सात दिवस. अंदाजे १५०० किलो मासे, म्हणजे रोज ७५ मिलिग्रॅम शुद्ध औषध. पण जास्त उवा असलेले मासे खाद्याला तोंडच लावत नाहीत. त्यांच्यापर्यंत औषध कसं पोचवलंत? आणि उवांची नवी पिल्लं अंडी घालायच्या आत दुसरी फेरी नेमकी कितव्या दिवशी केलीत?