शिवजन्माची तारीख: व्हिडिओत वाद सांगायचा की गप्प बसायचं?

रीळवाला: सहा मिनिटांचा व्हिडिओ करतोय. 1630 की 1627 हा घोळ निवेदनात कसा बोलू? सगळीकडे ‘असं म्हणतात’ टाकलंय पण ऐकताना फार पुळचट वाटतंय.

जुनीकागदं: वाटणारच, कोण म्हणतं आणि कधी म्हणालं तेच नाहीये ना त्यात. असं बोल: “महाराजांच्या हयातीत परमानंदाने लिहिलेलं शिवभारत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 1630 सांगतं. कारीच्या जेध्यांची शकावली, जी टिळकांनी 1916 मध्ये छापली, तीही तेच सांगते. शके 1549 चा वैशाख, म्हणजे 1627, येतो तो चिटणीस बखरीसारख्या बऱ्याच नंतरच्या लिखाणातून.” बस. ऐकणाऱ्याला पारडं कुठे झुकतंय ते आपोआप कळतं. आणि शिवनेरीवर जन्म झाला हे सरळ ठामपणे बोल, तिथे ‘बहुधा’ लावलास तर खऱ्या शंकेची किंमत जाते.

सह्याद्रीचा: मला पटत नाही. सरकारने 2001 पासून 19 फेब्रुवारी धरलीये, विषय संपला. शाळेतली पोरं बघतात हे, उगाच 1627 काढून डोक्यात किडा कशाला सोडायचा?

जुनीकागदं: सरकारने जयंती कधी करायची ते ठरवलं हो, पुरावा काही सरकार लिहीत नाही. आणि पोरांच्या आजोबांच्या पुस्तकात 1627 असतंच की, न सांगितलं तर ती तुमचाच व्हिडिओ चुकीचा म्हणणार.

गणितप्पा: पण शकावलीत शुक्रवार आहे आणि मोबाईलच्या कॅलेंडरवर 19 फेब्रुवारी 1630 ला मंगळवार येतो, मी आत्ताच बघितलं. म्हणजे 1630 पण गडबडच ना?

जुनीकागदं: बघितलंत ते छान केलंत, पण मोबाईल आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ताणतो. 19 फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख, आजच्या हिशोबाने ती 1 मार्च 1630, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. रीळवाला, पडद्यावर 1 मार्च टाकू नकोस मात्र, कमेंटमध्ये युद्ध होईल 😄

मंडळाची_ताई: आमच्याकडे जयंती दोनदा होते, एकदा तारखेने एकदा तिथीने, वर्गणीही दोनदा! हाच वाद ना?

रीळवाला: नाही ताई, तो वेगळा. तिथी की तारीख हा साजरं करण्याचा वाद, दोन्हीकडे वर्ष 1630 च. पण लोक हे दोन एकत्र करतात, तेवढं एक वाक्य घालतो.

सह्याद्रीचा: मग 1627 ला किती वेळ देणार? अर्धा-अर्धा दिलास तर तू निःपक्ष नाहीस, फसवतोयस.

रीळवाला: वीस सेकंद. शेवटी 3 एप्रिल 1680 ला महाराज गेले तेव्हा पन्नास वर्षांचे होते की जवळपास त्रेपन्न, एवढं दाखवून पुढे जातो.

सह्याद्रीचा: वीसही जास्तच आहेत. दहा कर.