दिवाळीचे १५०० बॉक्स आणि ६० दिवसांची उधारी

फराळवाली, सिंहगड रोड: माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, उद्यम नोंदणी आहे. चाकणच्या एका कारखान्याला अर्ध्या किलोचे १५०० बॉक्स, २४० रुपये दराने, असं कोटेशन दिलं. दर मान्य, पण पैसे ६० दिवसांनी म्हणतात. घ्यावी का ऑर्डर?

कोथरूडकर: ताई, बिनधास्त घ्या आणि ४५ दिवसांचा नियम दाखवा. लघुउद्योगाला उशिरा पैसे दिले की कंपनीला तो खर्च करात धरता येत नाही. नाक दाबलं की तोंड उघडेल.

माजी परचेसवाला, भोसरी: कोथरूडकर, हे अर्धंच खरं आहे. खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी धरला जातो. दिवाळीचं बिल डिसेंबर-जानेवारीत चुकतं झालं तर वर्ष तेच राहतं, त्यांचं काही जात नाही. हा धाक फेब्रुवारी-मार्चच्या बिलांना लागतो. ४५ दिवसांनंतर व्याज मागता येतं, पण पहिल्याच गिऱ्हाइकाकडे ते कोण मागतं?

ताई, हिशोब मांडा. बिल ३,६०,००० चं. सामान आणि बॉक्स मिळून नगाला १६५ धरले तर २,४७,५०० आधीच खर्च होणार, मजुरी वेगळी. ४० टक्के आगाऊ मिळाले तर १,४४,००० येतील, तरी लाखभर तुमचेच अडकतील. आगाऊ रक्कम बॉक्सच्या नावाने मागा. त्यांचा लोगो छापलेला बॉक्स ऑर्डर रद्द झाली तर दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, हे परचेसला पटतं. पीओ, म्हणजे कंपनीची लेखी खरेदी ऑर्डर, हातात आल्याशिवाय छपाईला देऊ नका.

डायरीवाला, रविवार पेठ: माझं तर पैशांपेक्षा जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, अडलं होतं. डायऱ्या गेटवर उतरवल्या, पण स्टोअरने पावती तीन आठवड्यांनी केली आणि कंपनीने दिवस तिथून मोजले.

माजी परचेसवाला, भोसरी: कायद्याने दिवस माल पोचल्यापासून मोजतात, १५ दिवसांत लेखी तक्रार नसेल तर. म्हणून चलनावर तारखेसकट सही-शिक्का घ्याच. तीन पाळ्यांसाठी माल दोन खेपांत जाणार असेल तर चलनंही दोन.

परचेसमधली, हिंजवडी: आमच्याकडे नव्या व्हेंडरला आगाऊ मिळतच नाही, तसं मागणाऱ्याचं कोटेशन बाजूला पडतं. ताई, मी तुमच्या जागी असते तर ४०० बॉक्स ३० दिवसांवर मागितले असते आणि उरलेल्यांसाठी दुसरा फराळवाला त्यांनाच शोधू दिला असता.

कोथरूडकर: ४०० साठी कारखाना दुसरा व्हेंडर कोड उघडेल? मला नाही वाटत.

फराळवाली, सिंहगड रोड: उद्या फोन करते. आधी बॉक्सचे पैसे मागते, नाही म्हणाले तर ४०० चं बोलते. ६० दिवसांवर १५०० मात्र नाही जमणार, तूप-काजूवाला मला आठवडाभरच थांबतो.