मदत हवी आहे: वळणावर नदीचं नाव उलटं पडतं

वळणवाट: कॅनव्हासवर नकाशा काढतोय. नावाचं एकेक अक्षर रेषेवर ठेवून तिथल्या कोनात फिरवतो. नदी पश्चिमेकडे वळली की नाव डोक्यावर उभं राहतं. उलटं पडलेलं प्रत्येक अक्षर १८० अंशांनी फिरवून पाहिलं, तर अक्षरं सरळ झाली, पण नाव उजवीकडून डावीकडे वाचावं लागतंय. शिवाय रस्त्यांची नावं त्यावर चढतात ती वेगळीच.

भातुकली: सोपं आहे. रेषेचं शेवटचं टोक पहिल्याच्या डावीकडे असेल तर बिंदूंचा क्रम उलटा करायचा.

जुना_नकाशेवाला: रस्त्याला बहुतेकदा चालेल, नागमोडी नदीला नाही. तिची टोकं काहीही सांगोत, नाव ज्या तुकड्यावर बसणार तेवढाच बघा. समजा नाव १२० पिक्सेल लांब आहे आणि रेषेवर २९० पासून ४१० पर्यंत बसतंय. २९० पाशी x ४२० आहे, ४१० पाशी ३१०. म्हणजे तुकडा डावीकडे चाललाय. मग पहिलं अक्षर ४१० ला ठेवा आणि २९० कडे चालत या. कोनही त्याच चालीच्या दिशेने काढा.

```js
const flip = at(s + w).x < at(s).x;
```

निर्णय अख्ख्या नावाचा, एकेका अक्षराचा नव्हे. आणि x पडद्यावरचा घ्या, नकाशा फिरवल्यानंतरचा.

पाऊलखुणा: QGIS मध्ये `Show upside-down labels` ला `never` निवडा, झालं.

वळणवाट: मी QGIS वापरत नाहीये, कोड माझाच आहे. तुकड्याची युक्ती लागू पडली, आभार! पण ‘क्षिप्रा’ फुटतं: क, ्, ष, ि सगळे वेगळे पडतात.

जुना_नकाशेवाला: `split('')` काढा, `Intl.Segmenter` ने तोडा. जुन्या ब्राउझरमध्ये तोही हलन्तापाशी तोडतो. तिथे ‘्’ ने संपणारा तुकडा पुढच्याला स्वतः जोडा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला शिरोरेषेत फटी दिसतातच. शेजारच्या दोन तुकड्यांत २५ अंशांहून जास्त फरक आला तर ती जागा सोडून नाव पुढे सरकवा.

टकरीचं म्हणाल, तर वाकड्या नावाभोवती एकच चौकोन धरू नका. वळणाच्या पोटातली मोकळी जागाही त्यात अडकते आणि तिथल्या रस्त्यांची नावं विनाकारण गळतात. नावाच्या वाटेवर अक्षरांच्या उंचीएवढ्या व्यासाची वर्तुळं ओवा, जरा एकमेकांवर चढलेली, आणि टक्कर त्यांचीच तपासा. आधी नदी बसवा, मग मोठे रस्ते, गल्ल्या शेवटी. जागा मिळाली नाही तर अर्ध्या नावाएवढं सरकून पुन्हा बघा. टोकापर्यंत नाहीच मिळाली तर नाव गाळा.

भातुकली: माझ्याकडे चौकांपाशी रस्त्याचे तुकडे पडलेत, त्यामुळे कुठल्याच तुकड्यावर नाव मावत नाही. नाव सारखं आणि टोकं जुळलेली असे तुकडे आधी जोडले, तेव्हा कुठे नावं दिसली.

वळणवाट: एक राहिलंच. नकाशा फिरवताना उभ्या रस्त्यांवरची नावं सारखी इकडून तिकडे उड्या मारतात.

जुना_नकाशेवाला: मागचा निर्णय धरून ठेवा, x मधला फरक १० पिक्सेलनी पलीकडे गेला तरच पलटवा.

पाऊलखुणा: म्हणजे मधल्या टप्प्यात नाव किंचित उलटं राहणारच की!

जुना_नकाशेवाला: राहतं. मला ते उड्यांपेक्षा बरं वाटतं, पण ‘कधीच उलटं नको’ अशी अट असेल तर हा उपाय बाद.