AT89S52 च्या पोर्टवर आठ एलईडी: रेझिस्टर किती ओहमचा लावू?

निवांत_सोल्डर: मंडळी, मदत हवी आहे. मुलीच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी AT89S52 वर आठ लाल एलईडींचं चेसर करतोय, सप्लाय ५ व्होल्ट. आधी पिनवरून ३३० ओहम, मग एलईडी, मग ग्राउंड असं जोडलं. एलईडी इतका मंद की हाताचा आडोसा केल्याशिवाय दिसेना. रेझिस्टर काढून थेट जोडला तरी उजेड तेवढाच. चिप गेली का?

कोकणी_करंट: २२० लावा. माझ्या अर्डुइनोवर २२० ने लख्ख पेटतो.

निवांत_सोल्डर: अहो, शून्य ओहमने पेटत नाही, तो २२० ने कसा पेटेल?

जुनाबोर्ड: चिप ठणठणीत आहे. या कुटुंबात P1, P2, P3 च्या पिना '१' वर असताना आतल्या दुबळ्या पुल-अपवर टांगलेल्या असतात. डेटाशीट ६० मायक्रोअँपला २.४ व्होल्टची हमी देतं, बस्स. एलईडीला मिळणारा करंट ही पिनच अडवते, म्हणून बाहेर ३३० लावा की काही लावू नका, फरक दिसत नाही. ग्राउंडकडे ओढायला मात्र पिन दणकट आहे. तेव्हा जोडणी उलटी करा: ५ व्होल्टवरून रेझिस्टर, एलईडी, आणि एलईडीचा कॅथोड पिनला. '०' लिहिलं की पेटेल. रीसेटनंतर सगळ्या पिना '१' असतात, त्यामुळे बोर्ड सुरू होताना एलईडी बंद राहतात, हा वर फायदा.

निवांत_सोल्डर: केलं, झकास पेटला! एकच पेटवून मोजलं: ३३० वर २.५ व्होल्ट, एलईडीवर १.९, पिन ते ग्राउंड ०.६.

टेस्टर_तात्या: म्हणजे २.५ भागिले ३३०, साडेसात मिलिअँप. पिनची मर्यादा १० आहे. बिनधास्त आठही जोडा.

जुनाबोर्ड: तात्या, १० चा आकडा बरोबर, पण त्याच्याच खालची ओळ राहिली. पूर्ण पोर्टची मर्यादा वेगळी आहे: P0 ला २६, बाकीच्या तिघांना प्रत्येकी १५, सगळी चिप मिळून ७१ मिलिअँप. निवांतराव, प्रोग्रॅममध्ये आठही एकदम पेटतात का?

निवांत_सोल्डर: शेवटी तीनदा एकदम लुकलुकतात.

```
P1 = 0xFE;  // एकच चालू
P1 = 0x00;  // आठही चालू
```

जुनाबोर्ड: मग पहिल्या ओळीत तुम्ही मर्यादेत आहात आणि दुसऱ्या ओळीत साधारण ६० मिलिअँप, म्हणजे पोर्टच्या मर्यादेच्या चौपट. हिशोब उलटा मांडा. १५ ला ८ ने भागलं की एकाच्या वाट्याला १.८७ येतात. इतक्या कमी करंटला लाल एलईडी १.८ च्या आसपास आणि पिन ०.३ च्या आसपास धरा, रेझिस्टरवर २.९ उरतात.

```
2.9 V / 1.5k = 1.93 mA, x 8 = 15.5 mA
2.9 V / 1.8k = 1.61 mA, x 8 = 12.9 mA
```

१.५ के किंचित बाहेर जातो, १.८ के बसतो. हाय-ब्राइट एलईडी घ्या, दीड मिलिअँपलाही खोलीत चांगला दिसतो.

टेस्टर_तात्या: आमच्याकडे लॅबचे किट वर्षानुवर्षं ३३० वर चाललेत, एकही चिप मेली नाही. डेटाशीटवाले राखून लिहितात.

जुनाबोर्ड: मरेलच असं मी म्हणत नाही. मर्यादेबाहेर '०' चा व्होल्टेज किती राहील याची हमी नाही, एवढंच. आठही पेटलेले असताना पिन ते ग्राउंड पुन्हा मोजा. ०.६ चा आकडा वर सरकलेला दिसला, तर त्याच पिनवरून दुसऱ्या आयसीला '०' वाचायला लावू नका.

बॅटरी_बंड्या: माझा निळा एलईडी नोडएमसीयूवर ३.३ व्होल्टला मंद आहे, मीही उलटा जोडू का?

जुनाबोर्ड: तुमचं दुखणं वेगळं. निळा स्वतःच ३ व्होल्टच्या आसपास खातो, रेझिस्टरला ०.३ उरतात. उलटा जोडून ते वाढणार नाहीत. एलईडीची वरची बाजू ५ व्होल्टला नेऊ नका, ती पिन ३.३ ची आहे.

निवांत_सोल्डर: १.८ के ने खोलीत छान दिसतं, पण प्रदर्शन मांडवात आहे, दुपारच्या उजेडात. मला ७-८ मिलिअँप हवेतच.

टेस्टर_तात्या: मग ULN2003 टाका, विषय संपला.

जुनाबोर्ड: त्यात सातच चॅनेल, आठवा एलईडी कुठे लावणार? ULN2803 घ्या, प्रत्येक पिनला ५ व्होल्टकडे १० के पुल-अप, आणि एलईडीला ३३० चालेल. पण आता '१' ला पेटेल, म्हणजे रीसेटला आठही एकदम उजळतील, प्रोग्रॅमही उलटवावा लागेल.

निवांत_सोल्डर: रीसेटची ती झगमग परीक्षकांसमोर नको वाटते. BC557 आठ लावले तर '०' लाच पेटतील ना? बेसला किती ओहम लावू?