मदत हवी आहे: लेबल गेलेल्या तीन हिरवट बाटल्या. तांबं कोणतं, निकेल कोणतं, लोह कोणतं?

प्रयोगशाळा_सहाय्यक
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. पावसाळ्यात कपाटात ओल शिरली आणि पाच बाटल्यांची लेबलं गळून पडली. रजिस्टरप्रमाणे त्या पाचांत मोरचूद, कॉपर क्लोराईड, निकेल सल्फेट, फेरस सल्फेट आणि फेरिक क्लोराईड आहे. निळी बाटली मोरचुदाची आणि तांबूस पिवळी फेरिक क्लोराईडची, इथवर मला खात्री आहे. उरलेल्या तिन्ही हिरवट आहेत. तीन नंबरची गडद हिरवी आहे. चार नंबरचीही हिरवीच, पण जरा स्वच्छ, पाचूसारखी. पाच नंबरची इतकी फिकी की पिवळसर पाणीच वाटतं, आणि तिच्या तळाशी तपकिरी गाळ बसलाय. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली आहे, मुलांना चुकीची नळी देऊन चालणार नाही. अमोनिया, डीएमजी आणि नेहमीची आम्लं इथे आहेत. काय करू?

कट्टा_विज्ञान
फार विचार करू नका. हिरवं म्हणजे निकेल. खात्रीसाठी तिन्ही नळ्यांत अमोनिया घाला आणि वर डीएमजीचे थेंब टाका. जिथे लाल दिसेल ते निकेल. उरलेल्या दोनांत गाळवाली लोहाची.

सुनीता_आठल्ये
प्लॅटिनमची तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून बर्नरवर धरा ना. तांब्याची ज्योत हिरवी-निळी येते. आम्हाला शाळेत असंच करून दाखवलं होतं.

प्रयोगशाळा_सहाय्यक
सुनीताताई, ज्योतीने तांबं कळेल, पण निकेल आणि लोह त्या परीक्षेत वेगळे ओळखता येत नाहीत. मला नळीतल्या रंगावरून ओळखायचं आहे, मुलंही तेच करणार आहेत.

निवृत्त_रसायन
ताई, डीएमजी जरा बाजूला ठेवा. पहिली परीक्षा साध्या पाण्याची करा. तीन आणि चार नंबरमधले दोन-दोन थेंब वेगळ्या नळ्यांत घ्या, अर्धी नळी भरेल इतकं डिस्टिल्ड पाणी घाला आणि दोन्ही पांढऱ्या कागदासमोर धरा.

कॉपर क्लोराईडचं दाट द्रावण हिरवं दिसतं, कारण तिथे तांब्याभोवती काही जागा क्लोराईडने घेतलेल्या असतात. तसं तांबं पिवळसर दिसतं, आणि पाण्याने वेढलेल्या निळ्या तांब्यात ते मिसळलं की आपल्याला हिरवं दिसतं. पाणी वाढवलं की क्लोराईड सुटतो, त्याची जागा पाणी घेतं आणि रंग निळ्याकडे सरकतो. निकेल सल्फेटात मुळातच निकेलभोवती पाणी असतं. त्यामुळे ते फिकं होईल, पण हिरवंच राहील. म्हणून बाटलीतला दाट रंग बघून निर्णय घेऊ नये, आधी पातळ करून बघावं.

प्रयोगशाळा_सहाय्यक
सर, करून पाहिलं. तीन नंबर पाण्यात स्वच्छ आकाशी झालं. चार नंबर फिकं पोपटी राहिलं, निळं अजिबात नाही. मग दोन्हींत थेंबथेंब अमोनिया घातला. तीनमध्ये आधी फिका निळा साका आला आणि जास्त अमोनियाने तो विरघळून गडद निळं द्रावण झालं. चारमध्ये थोडासा हिरवट साका आला आणि तोही विरघळून द्रावण निळसरच झालं! इथे माझा गोंधळ उडाला.

शिवाय कट्टा_विज्ञान यांनी सांगितल्याप्रमाणे डीएमजी टाकलं, तर चारमध्ये लाल आलं आणि पाचमध्येही लाल आलं. दोन बाटल्या निकेलच्या कशा असतील?

कट्टा_विज्ञान
लाल आलं ना, मग दोन्ही निकेल. रजिस्टर चुकलं असेल.

निवृत्त_रसायन
रजिस्टरवर इतक्यात शंका घेऊ नका. ताई, दोन्ही नळ्या पाच मिनिटं स्टँडमध्ये ठेवा आणि लाल रंग नेमका कुठे आहे ते बघा. तो साका आहे, की वरचं पाणी लाल आहे?

प्रयोगशाळा_सहाय्यक
चारमध्ये गुलाबी-लाल, दह्यासारखा घट्ट साका खाली बसला आणि वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ झालं. पाचमध्ये तळाशी मळकट हिरवा-तपकिरी गाळ आहे आणि लाली वरच्या पाण्यात आहे.

निवृत्त_रसायन
मग उत्तर मिळालं. अमोनिया असताना फेरस लोहही डीएमजीबरोबर लाल रंग देतं, पण तो पाण्यात विरघळलेला राहतो. निकेलचा लाल रंग घन असतो आणि खाली बसतो. नुसतं ‘लाल आलं’ असं लिहून मुलं इथेच फसतात.

पक्कं करायचं असेल तर पाच नंबरचा ताजा नमुना घ्या. दोन थेंब विरल आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साईड घालून गरम करा. फेरसचं फेरिक होईल. उकळून जादा पेरॉक्साईड घालवा आणि मग अमोनिया भरपूर घाला. लोह विटकरी साका होऊन खाली येईल, आणि अमोनिया कितीही वाढवला तरी तो विरघळणार नाही. गाळून घेतलेल्या स्वच्छ पाण्यात डीएमजी टाका. तिथे लाल साका आला नाही, तर त्या बाटलीत निकेल नाही.

अमोनियाने दोन्ही निळे झाले, त्याबद्दल: निकेलचा निळा फिका आणि जांभळ्या छटेचा असतो, तांब्याचा फार गडद. दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या तर चुकणार नाही, पण एकट्या नळीवर हा निर्णय देऊ नका.

प्रयोगशाळा_सहाय्यक
विटकरी साका आला सर, आणि गाळलेल्या पाण्यात डीएमजीने काहीच नाही. म्हणजे तीन कॉपर क्लोराईड, चार निकेल सल्फेट, पाच फेरस सल्फेट. पण फेरस इतकं फिकं कसं? पुस्तकात ‘फिकट हिरवा’ लिहिलंय, इथे तर पिवळं पाणी आहे.

निवृत्त_रसायन
पातळ फेरस द्रावण जवळजवळ बिनरंगीच असतं. हवेने त्यातलं थोडं लोह फेरिक झालं की पिवळसरपणा येतो आणि तोच डोळ्यांत भरतो. तळाचा गाळही फेरिकचाच. ही बाटली मुलांना देऊ नका. तिच्यात दोन्ही प्रकारचं लोह आहे, त्यामुळे फेरिकची परीक्षाही होकारार्थी येईल आणि मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरेल. ताजं बनवा. थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात हिरवे स्फटिक विरघळवा, बाटलीत एक-दोन स्वच्छ लोखंडी खिळे टाकून ठेवा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीच करा.

भोसरी_प्लेटर
सर, माझाही एक प्रश्न. आमच्या निकेल प्लेटिंगच्या टाकीत तांब्याचे तुकडे पडले की जॉबच्या खोलगट भागात काळपट थर येतो. टाकीचा रंग मात्र हिरवाच्या हिरवा. रंगावरून तांबं किती आलंय ते कळेल का?

निवृत्त_रसायन
नाही. टाकीत निकेल इतकं असतं की थोडं तांबं डोळ्याला दिसणारच नाही. अमोनिया घातला तरी निकेलचा स्वतःचा निळा ते झाकून टाकतो. नमुना आम्लयुक्त करून हायड्रोजन सल्फाईड दिलं तर तांबं काळा साका देतं, आणि त्या आम्लात निकेल येत नाही. पण तो वायू विषारी आहे. धुराड्याशिवाय करू नका.

भोसरी_प्लेटर
धुराडं नाही आमच्याकडे. सध्या नालीदार पत्रा कॅथोड म्हणून लावून कमी करंटवर टाकी चालवतो, तांबं त्यावर बसतं. पण ‘आता पुरे’ हे कशावरून ठरवायचं? घासलेला खिळा बुडवून लाल होतो का ते बघू?

निवृत्त_रसायन
खिळ्यावर तांबं बसलेलं दिसलं तर ते बरंच आहे एवढं कळेल. दिसलं नाही म्हणजे नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. नेमका आकडा प्रयोगशाळेतूनच आणावा लागेल. पत्र्यावरचा थर काळपटाचा उजळ झाला की थांबणारेही आहेत, पण तुमच्या टाकीत तेवढं पुरतं का, हे प्लेटिंगमधल्या एखाद्या जुन्या माणसानेच सांगावं.

प्रयोगशाळा_सहाय्यक
सर, शेवटचं. तीन आणि चार नंबरची तीव्रता आता माहीत नाही. तरी वापरू का? आणि चाचणीचं उरलेलं निकेल बेसिनमध्ये ओतलं तर चालेल?

निवृत्त_रसायन
आयन ओळखायला वापरा, टायट्रेशनला नको. निकेल बेसिनमध्ये ओतू नका. झाकणाच्या वेगळ्या बाटलीत साठवा, तिच्यावर ‘निकेल टाकाऊ’ लिहा आणि हातमोजे घालूनच हाताळा, काहींच्या त्वचेवर त्याने पुरळ येतं. आणि नवी लेबलं लावताना पेन्सिलीने लिहा. पेनची शाई ओलीत पसरते.