डब्याची डाळभाजी: किती रांधायची, कशी गोठवायची

घरचे सगळे (देवळी–पुलगाव–आर्वी)

गुरुवार

स्नेहा: मंदा आत्या, एक विचारायचं होतं. रविवारी आठवड्याभराच्या डब्यांसाठी एकदाच डाळभाजी करून फ्रीजरमध्ये टाकली. आम्ही दोघं, पाच दिवस ऑफिस. म्हणून रोज करते त्याच्या पाचपट केली. सोमवारी पातळ लागली, पण चालून गेली. बुधवारी शुभमचा डबा उघडला तर आंबूस वास. तीन लिटर तरी फेकली असेल. फार जिवाला लागलं. काय चुकलं माझं?

रेखा वहिनी: अगं बाई, एवढी डाळ! आंबट चुका जास्त झाला असेल का?

स्नेहा: नाही वहिनी, चुक्याचा आंबटपणा ओळखू येतो. हा वेगळा होता, वरून बारीक बुडबुडेही होते.

मंदा आत्या: बुडबुडे होते म्हणजे ती नासलीच होती, फेकली ते बरं केलं. आता मले सगळं सांग बेटा. डाळ किती घेतली, रांधली कोणत्या भांड्यात, फ्रीजरमध्ये किती वाजता गेली?

स्नेहा: डाळ एक किलो. रोज २०० ग्रॅम लागते. पालक पाच जुड्या. मोठ्या गंजात. सात वाजता गॅस बंद केला, गंज ओट्यावरच निवत ठेवला. साडेअकराला पाहिलं तर मधून अजून कोमटच होता. झोप येऊन राहिली होती, तशीच पाच डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवली. रात्री लाईनही गेली होती तासभर.

मंदा आत्या: झालं, सापडलं. तुझी चूक रांधण्यात नाही, मोजण्यात आणि निववण्यात आहे. मी बावीस वर्षं वसतिगृहाच्या मेसमध्ये रांधलं, तिथं पहिल्या वर्षी माझ्याही हातून गंजभर वरण असंच गेलं होतं.

पहिले मोजणं सांगते. तू दिवसांनी गुणलं. पाच दिवस म्हणून पाचपट. पण तुझी रोजची भाजी चार जणांची होते ना? सासू-सासरे धरून?

स्नेहा: हो, चौघांची. चार मोठ्या वाट्या भरतात.

मंदा आत्या: मंग पाचपट म्हणजे वीस वाट्या झाल्या वो! तुमचे डबे फक्त दहा. दुप्पट रांधलं तू. गुणायचं ते दिवसांनी नाही, डब्यांनी. आता उठ, दोघांच्याही टिफिनचा भाजीचा डबा घे, तुम्ही भरता तेवढं पाणी त्यात भर आणि मापाच्या भांड्यात ओतून पाहा. किती येते सांग.

स्नेहा: शुभमचा ३०० मिली. माझा २००.

मंदा आत्या: म्हणजे दोघांचे मिळून रोज अर्धा लिटर, पाच दिवसांचे अडीच लिटर. आणि चार मोठ्या वाट्या म्हणजे २०० ग्रॅम डाळीची तुझी भाजी होते जवळपास एक लिटर. तू पाच लिटर केली होती. समजलं?

शुभम: आत्या, पण पाचही दिवस डाळभाजीच नको ना 🙏

मंदा आत्या: बरोबर आहे तुझं. दोन भाज्या करा. सोमवार, बुधवार, शुक्रवार डाळभाजी. मंगळवार, गुरुवार बरबटी. तीन दिवसांची डाळभाजी दीड लिटर, म्हणजे रोजच्या दीडपट: डाळ ३०० ग्रॅम, पालक दीड जुडी, चुका दीडपट. बरबटी दोन दिवसांची एक लिटर, ती रोजच्याएवढीच. बस. पाच नंबरचा गंज काढायची गरजच नाही.

रेखा वहिनी: आलूवांगं जमेल का आत्या बरबटीऐवजी?

मंदा आत्या: नाही. आलू गोठून सुटला की रवाळ होतो, पाणी सोडतो. वांगं लिबलिबीत होते. कढी फाटते. डाळ, बरबटी, वाटाणा, हरभरा, रस्सा हेच टिकतात. भात सकाळी ताजाच लाव.

स्नेहा: पण ती पातळ काहून झाली आत्या? पाणीही मोजून पाचपटच टाकलं होतं मी.

मंदा आत्या: त्याच्यामुळेच झाली. उकळताना पाणी उडते ते गंजाच्या तोंडातून. डाळ पाचपट झाली म्हणून गंजाचं तोंड पाचपट रुंद होत नाही. तेवढ्याच वेळात पाणी तेवढंसंच उडते आणि बाकी भाजीत राहते. म्हणून जास्त रांधताना डाळ शिजायला लागते तेवढंच पाणी हिशेबानं टाकायचं, वरचं पाणी हात राखून. गोठवायची भाजी तर घट्टच ठेव. सकाळी गरम करताना अर्धी वाटी पाणी घालून सारखी करता येते. पातळ गोठवलेली घट्ट करायला सकाळी आठ वाजता कोणाले वेळ आहे?

मीठ आधी पाऊणच टाक, उकळी आल्यावर चाखून बाकीचं. तेल हिशेबानं वाढवू नको. मेसमध्ये दहापट डाळीला सहा-सातपट तेल पुरायचं. आणि वरची लसूण-मिरचीची फोडणी गोठवायच्या भाजीत घालूच नको. गोठलेल्या लसणाची चव उग्र होते, कडवट लागते. ती सकाळी ताजी दे, दोन मिनिटांचं काम.

काकाजी: मंदा, निववण्याचं मी सांगू का? माझं सारं आयुष्य फ्रीज दुरुस्तीत गेलं.

मंदा आत्या: सांगा ना भाऊ, तुम्हीच सांगा.

काकाजी: स्नेहा, पाच लिटर कोमट भाजी एकदम फ्रीजरमध्ये ठेवली की फ्रीजरच गरम होते बेटा. घरचा फ्रीजर काही बर्फाचा कारखाना नाही. त्याचं मुख्य काम गोठलेलं गोठलेलं ठेवणं. बाजूच्या गोठलेल्या वस्तूही सुटायला लागतात. त्यात तुझी लाईन गेली. खोल डब्याच्या मधोमध ती भाजी पहाटेपर्यंत कोमट असेल. आणि एक लक्षात ठेव, गोठवून जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. आधी वाढले असतील तर तसेच राहतात, भाजी सुटली की पुन्हा कामाला लागतात.

स्नेहा: पण काकाजी, चांगली खळखळ उकळली होती मी.

मंदा आत्या: उकळून सगळे मरत नाहीत गं. काहींची बीजं उकळीतही टिकतात आणि भाजी कोमट झाली की फुटतात. म्हणून कोमट राहायला वेळच द्यायचा नाही. एरवी दोन तासांत फ्रीजमध्ये गेली पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर एका तासात. तुझी साडेचार तास ओट्यावर होती.

गॅस बंद केला की भाजी दोन रुंद परातींत ओत, बोटभर थर. खाली मोठ्या टोपात माठातलं पाणी आणि बर्फाचे खडे. नळाचं नाही, टाकीचं पाणी या दिवसांत तापलेलंच असते. वर पंखा लाव, मधून मधून चमचा फिरव. अर्ध्या तासात हात लावून पाहा, परातीचा तळ गार लागला पाहिजे.

स्नेहा: आणि मग डब्यांत भरू?

मंदा आत्या: डबे नको, झिपच्या जाड पिशव्या घे. एका दिवसाची एक पिशवी, दोघांचं मिळून अर्धा लिटर. सकाळी एकाच कढईत तर गरम करशील, मंग वेगळं कायले? हवा काढून ताटावर आडवी ठेव, बोटाएवढी जाड चपटी होईल. गच्च भरू नको, गोठताना पाणी फुगते. चपटी असली की लवकर गोठते, बर्फाचे खडे बारीक होतात, सुटल्यावर भाजी पाणी कमी सोडते. डब्यात गठ्ठा होतो, तो आतून हळू गोठते आणि सुटतेही हळू. पिशवीवर पट्टी लावून लिही: डाळभाजी, बुधवार, तारीख.

आणि सगळ्या पाच पिशव्या गोठवायच्याच नाहीत. सोमवार-मंगळवारच्या दोन खाली फ्रीजमध्येच ठेव, तेवढ्यात काही होत नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा तीनच वर. फ्रीजरवर भारही नाही.

रेखा वहिनी: हे मला सुचलंच नव्हतं. मी तर सगळंच वर कोंबते. आमच्या शाळेला शनिवार सकाळचा, म्हणजे माझेही पाचच डबे.

काकाजी: लाईनीचं सांगतो. फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. रोज पाहा. नाणं वरच असलं तर ठीक. बर्फात खाली गेलं असेल तर तुमच्या मागे लाईन बराच वेळ गेली होती, फ्रीजर सुटून पुन्हा गोठला. मग पिशव्या कितीही टणक दिसल्या तरी खाऊ नका. आणि लाईन गेली की दार उघडू नका, गार तेवढंच आत राहते.

शुभम: लाईन आली तेव्हा पिशवी अर्धवट सुटलेली दिसली तर?

मंदा आत्या: आत बर्फाचे कण असले तर त्याच दिवशी उकळून खा. पूर्ण सुटून कोमट झाली असेल तर फेक. सुटलेली पुन्हा गोठवायची नाही.

स्नेहा: सकाळचं सांगा आत्या. बाहेर काढून ठेवू का रात्री?

मंदा आत्या: ओट्यावर नाही, रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात. चपटी पिशवी सकाळपर्यंत सुटते. विसरलीस तर बंद पिशवी गार पाण्यात ठेव, तोवर पोळ्या लाट. डाळ सुटल्यावर पाणी वेगळं, डाळ वेगळी दिसते, घाबरू नको. रवीनं घोट, अर्धी वाटी पाणी घाल आणि मधोमध खळखळ उकळू दे. कडेला बुडबुडे आले म्हणून उतरवू नको. मग फोडणी आणि वरून चिरलेला हिरवा सांभार.

आता शेवटचं, याच्यावर मी ओरडते म्हणून समज. साडेआठला भरलेला डबा तुम्ही एक वाजता उघडता. साध्या स्टीलच्या डब्यात साडेचार तास कोमट राहिली तर सगळी मेहनत वाया. गरम राहणारा दुहेरी भिंतीचा डबा घ्या. त्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेव, ओतून दे, मग उकळती भाजी भरून लगेच बंद. उघडताना वाफ दिसली पाहिजे. कोमट लागली तर खाऊ नका, त्या दिवशी पोळी-लोणचं.

स्नेहा: रविवारी असंच करते आत्या. सगळं वहीत लिहून घेतलं.

पुढचा बुधवार

स्नेहा: आत्या, आज पहिली गोठवलेली पिशवी. रविवारी भाजी परातीत ओतल्यापासून पस्तीस मिनिटांत पिशव्या फ्रीजमध्ये गेल्या. नाणं बर्फावरच आहे. सुटल्यावर पाणी दिसलं, घोटली, सारखी झाली. फक्त मीठ किंचित कमी वाटलं.

शुभम: वाफ होती आत्या! बाजूच्या साहेबांनी चार घास मागून खाल्ले.

मंदा आत्या: मीठ पाऊणच टाकून चाखायचं विसरलीस वाटते.

स्नेहा: हो, विसरले 🙏 बाकीचं मीठ घालायचं राहूनच गेलं. शुक्रवारची पिशवी उकळताना पाव चमचा घालते.

मंदा आत्या: पाण्यात विरघळवून घाल, म्हणजे सारखं लागेल. आणि शुभमच्या ३०० चे आता ३५० कर, साहेबही जेवतात म्हणे. पुढच्या रविवारी डाळ ३३० ग्रॅम घे.