टाळूवरची सोनोग्राफी: ऋषीच्या बाळाचा रिपोर्ट

ऋषी: बाळाची आज पाचव्या दिवशी टाळूवरून सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये डावीकडे ग्रेड २ आणि उजवीकडे ग्रेड १ रक्तस्राव लिहिलाय. पुढच्या आठवड्यात परत करणार आहेत. मेधाताई, तू हेच काम करतेस ना, जरा बघ गं.

आत्या: अगं बाई! एवढ्याशा जिवाच्या मेंदूत रक्त? पेटीतून हलवताना कुणाचा धक्का लागला का?

मेधाताई: नाही आत्या, धक्क्याचा काही संबंध नाही. बाळ गरोदरपणाच्या २८ आठवड्यांतच जन्मलंय. या वयात मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांच्या, म्हणजे व्हेंट्रिकल्सच्या कडेला एक नाजूक थर असतो. मेंदूच्या नव्या पेशी तिथे तयार होतात. त्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार पातळ असतात. जन्मानंतर रक्तदाब वरखाली झाला की त्या फुटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच. ३४ आठवड्यांपर्यंत हा थर जवळजवळ विरून जातो, म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा असं होत नाही.

नाना: एवढ्या लहान जिवाला रोज किरण द्यायचे का?

मेधाताई: यात किरण नसतात, नाना. टाळूवर अजून हाड नाही, ती आमची खिडकी. पेटीच्या गोल दारातून हात घालायचा, कोमट जेल लावायची आणि बारीक प्रोब अलगद टेकवायचा. बाळ झोपलेलंही राहतं. पडद्यावर पाणी काळं दिसतं, ताजं रक्त पांढरं.

ऋषी: पण मला स्क्रीनवर दोन्ही बाजूंना पांढरं दिसत होतं!

मेधाताई: सगळं पांढरं म्हणजे रक्त नाही रे. व्हेंट्रिकलमध्ये पाणी तयार करणारा कोरॉइड प्लेक्सस असतो, तोही पांढराच दिसतो. पण तो व्हेंट्रिकलच्या पुढच्या टोकापर्यंत जात नाही. म्हणून तिथे पांढरं दिसलं की रक्ताचा संशय घ्यायचा. आता ग्रेडचं. ग्रेड १ म्हणजे रक्त त्या नाजूक थरातच आहे. २ म्हणजे ते व्हेंट्रिकलमध्ये उतरलंय, पण व्हेंट्रिकल फुगलेलं नाही. ३ म्हणजे रक्ताने व्हेंट्रिकल भरून फुगलंय.

आत्या: आणि ४?

मेधाताई: तेव्हा शेजारच्या मेंदूतही इजा असते. बहुतेकदा रक्त पसरून नव्हे, तर तिथली शीर तुंबल्याने. अशा बाळांना पुढे एका बाजूच्या हातापायात ताठरपणा येण्याचा धोका जास्त असतो. आपल्याकडे ते नाही. ऋषी, रिपोर्टमध्ये पुढच्या टोकाची रुंदी लिहिलीय का? फ्रंटल हॉर्न म्हणून.

ऋषी: डावीकडे २.५ मिमी.

मेधाताई: ३ च्या आत ठीकच. यापुढे ग्रेडपेक्षा हा आकडा महत्त्वाचा. रक्त विरघळताना त्याचा गाळ पाण्याच्या बारीक वाटा आणि पाणी शोषणाऱ्या जागा तुंबवतो. मग एक-दोन आठवड्यांनी व्हेंट्रिकल फुगू शकतं. त्याला ग्रेड २ ची ग्रेड ३ झाली असं म्हणू नका. नवा रक्तस्राव नसतो, पाणी साचलेलं असतं.

*१२वा दिवस*

ऋषी: ताई, ५ मिमी झालं!! पण डोकं आठवड्यात ०.८ सेंमीच वाढलंय. मग काळजी नाही ना?

मेधाताई: डोक्याच्या मापावर विसंबू नकोस. या बाळांचा मेंदू मऊ आणि पाणीदार असतो, त्यामुळे व्हेंट्रिकल आधी फुगतं आणि डोकं बऱ्याच दिवसांनी मोठं व्हायला लागतं. ६ च्या वर गेलं आणि मध्यरेषेपासून व्हेंट्रिकलच्या बाहेरच्या कडेचं अंतरही वयाच्या मर्यादेबाहेर गेलं, तर न्यूरोसर्जनना बोलवावं लागतं. कधी पाठीतून पाणी काढतात, कधी टाळूजवळ त्वचेखाली छोटी डबी बसवून तिच्यातून. आठवडा थांबू नका, तीन दिवसांनी परत करायला सांग.

आत्या: उद्या गणपतीला अभिषेक करते.

*१५वा दिवस*

ऋषी: ५.५.

मेधाताई: वेग मंदावलाय. आधी आठवड्यात २.५ वाढलं होतं, आता तीन दिवसांत अर्धा. अजून थांबता येईल. बाळ उलट्या करतंय, श्वास थांबतोय, टाळू फुगून घट्ट लागतेय, असं काही?

ऋषी: नाही. प्राजक्ताने बोट ठेवून पाहिलं, मऊ आहे.

*२२वा दिवस*

ऋषी: ५! डोकं या आठवड्यात ०.९ वाढलं.

नाना: उतरलं म्हणजे सुटलो ना?

मेधाताई: नाना, पाणी ओसरतंय हे नक्की. पण व्हेंट्रिकल मोठं दिसण्याचं दुसरंही कारण असतं. शेजारचा मेंदू आक्रसला की ती जागा पाणी भरून काढतं, आणि तेव्हा डोकं वाढत नाही. आपल्या बाळाचं वाढतंय, ही चांगली गोष्ट. मेंदूच्या व्हाइट मॅटरमधले बारीक खळगे मात्र दोन-चार आठवड्यांनी दिसतात, म्हणून चौथ्या आठवड्यात आणि प्रसूतीच्या मूळ तारखेच्या सुमारास सोनोग्राफी करूनच घ्यायची. विखुरलेली बारीक इजा तर टाळूतून दिसतही नाही. बाळ मान कधी धरतं, दोन्ही हात सारखे हलवतं का, हे महिनोन्‌महिने पाहावं लागेल. ऋषी, डिस्चार्जच्या कागदात सगळी मापं तारखांसकट लिहून घे.

ऋषी: प्राजक्ताने वहीत लिहून ठेवलीत. २.५, ५, ५.५, ५.